पोर्ट वाळला तरी 'ओलावा आहे' ही सूचना परत परत का येते?

फोन पाण्यात पडला, पावसात भिजला, चार्जर लावला आणि स्क्रीनवर पाण्याच्या थेंबाचं चिन्ह आलं, तर ते प्रकरण सोपं असतं. पोर्ट वाळेपर्यंत थांबलं की चार्जिंग सुरू होतं. दुकानात माझ्याकडे जास्त येतात ते दुसऱ्या प्रकारचे फोन. ज्यांच्या मालकांनी फोन रात्रभर वाळवलाय, केबल बदललीय, ॲडॉप्टर बदललाय, आणि तरी दोन दिवसांनी तीच सूचना पुन्हा हजर. जून ते सप्टेंबर कोकणात आणि मुंबईच्या पट्ट्यात हे फार होतं. त्यामागे बहुतेक वेळा पाणी नसतं, पाण्याने किंवा घामाने मागे ठेवलेलं मीठ असतं. ही पोस्ट मुख्यतः त्या फोनांसाठी आहे. पण नुकताच भिजलेला फोन हातात असेल, तर आधी त्याचं बघू.

आत्ताच सूचना आली असेल तर

पहिलं काम केबल काढायचं. केबल आधी भिंतीकडच्या बाजूने, म्हणजे ॲडॉप्टर बंद करून, आणि मग फोनमधून काढा. ओला पोर्ट आणि चालू वीज यांची जितकी कमी गाठ पडेल तितकं बरं. ओटीजी, इयरफोन, पेन ड्राइव्ह, काहीच लावू नका.

फोन पोर्ट खाली येईल असा धरा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर हलकेच आपटा. थेंब असतील तर ते बाहेर येतात. बाहेरून मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. चष्म्याचं कापड यासाठी उत्तम. मग फोन तिरका टेकवून, पोर्ट खालच्या बाजूला ठेवून, टेबल फॅनच्या वाऱ्यात हातभर अंतरावर ठेवा. अर्ध्या तासाने केबल लावून बघायला हरकत नाही. पुन्हा सूचना आली तर केबल काढून आणखी काही तास ठेवा. ॲपलच्या सूचनेतही हेच सांगितलंय: किमान अर्धा तास थांबा, पूर्ण वाळायला एक दिवसही लागू शकतो.

केबलचं टोकही वाळवा, हे बरेच जण विसरतात. केबलच्या टोकात आतल्या बाजूला दोन ओळींत बारीक पिना असतात. त्यांच्याखाली अडकलेला थेंब बाहेरून दिसत नाही. फोन कोरडा आणि केबल ओली असली तरी सूचना येतेच. त्यामुळे घरातली दुसरी, खात्रीने कोरडी केबल लावून बघणं ही पहिली तपासणी.

हेअर ड्रायर नको. गरम हवेने पाणी आणखी आत ढकललं जातं आणि फोनच्या कडांना लावलेला जलरोधक गोंद मऊ पडतो. कॉम्प्रेसरची हवा मारायलाही ॲपलची मनाई आहे. कापसाची काडी, टूथपिक, सिमची पिन आत घालू नका. टाइप-सी पोर्टच्या मधोमध जी पट्टी असते तिची जाडी एक मिलिमीटरही नसते. ती वाकली की मामला वाळवण्याचा राहत नाही, पोर्टच बदलावा लागतो. फोन तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही आणि त्याची पूड पोर्टमध्ये जाऊन बसते. पावसाळ्यात हवाच दमट असते म्हणून फॅनने भागत नसेल, तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात फोन ठेवा. कॅमेऱ्याच्या दुकानात रंग बदलणारं सिलिका जेल मिळतं. रंग बदलला की ते भरलं असं समजायचं.

बॅटरी संपत आली असेल आणि फोनला वायरलेस चार्जिंग असेल, तर मागची बाजू कोरडी पुसून पॅडवर ठेवा. त्याला पोर्ट लागत नाही. पॅड नसेल तर ज्याच्या फोनमध्ये उलटं वायरलेस चार्जिंग आहे म्हणजे जो फोन आपल्या पाठीवरून दुसरा फोन चार्ज करतो, असा कुणी शोधा, दहा-पंधरा टक्के तरी मिळतील. आयफोनवर सूचनेसोबत "Emergency Override" असं बटण येतं. ते खरोखर अडलेल्या वेळेसाठी आहे. रुग्णालयात फोन करायचाय आणि बॅटरी दोन टक्के, अशी वेळ. रोजच्या वापरासाठी ते नाही.

हे सगळं साध्या पाण्यासाठी. फोनला पाणी-धुळीपासून बचावाचा आयपी दर्जाच नसेल आणि अख्खा फोन पाण्यात गेला असेल, तर प्रश्न पोर्टपुरता राहत नाही. फोन बंद करा आणि त्याच दिवशी उघडून घ्या.

फोनला ओलावा कळतो कसा

परत येणारी सूचना समजून घ्यायची तर हे माहीत हवं. फोनच्या आत पाणी शोधणारं वेगळं यंत्र नसतं. टाइप-सी पोर्टमध्ये वरच्या ओळीत बारा आणि खालच्या ओळीत बारा अशा चोवीस पिना असतात. कोरड्या पोर्टमध्ये दोन पिनांच्या मधून वीज वाहत नाही. फोन सीसी आणि एसबीयू नावाच्या पिनांवर अगदी बारीक विद्युत्प्रवाह सोडून बघतो. जिथे वाट बंद असायला हवी तिथे थोडी वीज गळताना दिसली, की तो ओलावा आहे असं मानतो आणि चार्जिंग थांबवतो.

म्हणजे फोनला पाणी दिसत नाही, गळती दिसते. ती पाण्याने होऊ शकते, घामाने होऊ शकते, दमट झालेल्या खिशातल्या कचऱ्याने होऊ शकते. पिक्सेलसारख्या फोनवर तर सूचनेतच पाणी किंवा कचरा असे दोन्ही शब्द येतात.

आता पिनांची जागा बघा. प्रत्येक ओळीत दोन्ही टोकांकडून चौथी पिन चार्जिंगची वीज नेते. तिला लागूनच, पाचव्या जागेवर, एका बाजूला सीसी असते आणि दुसऱ्या बाजूला एसबीयू. त्यांच्यातलं अंतर अर्धा मिलिमीटर. चार्जर लावल्यावर चौथ्या पिनवर ५ व्होल्ट, फास्ट चार्जिंगला ९ व्होल्ट किंवा त्याहून जास्त. मध्ये खारट पाण्याचा थर असेल तर त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये इलेक्ट्रोलिसिस सुरू होतं आणि पिनवरचा सोन्याचा मुलामा जाऊन खालचं तांबं खाल्लं जातं. सूचना झटकून चार्जर लावूनच ठेवणाऱ्यांच्या पोर्टमध्ये नेमकी हीच पिन काळी किंवा हिरवी झालेली दिसते.

मीठ का जात नाही

पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. एक लिटर घामात माणसागणिक साधारण एक ते चार-पाच ग्रॅम मीठ असतं. समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम. घामाचा एक थेंब पोर्टमध्ये वाळला की डोळ्यांना दिसणारही नाही इतका मिठाचा पातळ थर पट्टीवर राहतो. रोज एक थेंब, रोज एक थर.

कोरडं मीठ वीज वाहू देत नाही. त्यामुळे पोर्ट वाळला की सूचना जाते आणि सगळं ठीक झालं असं वाटतं. पण साध्या मिठाचा गुण असा, की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी स्वतः ओढून घेतं आणि विरघळू लागतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं, तेच पोर्टच्या आत होतं. कोकणात जुलैत आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर असते, रात्री आणखी वाढते. फोनला पाण्याचा थेंबही लागलेला नसताना रात्री पोर्ट आतून ओला होतो आणि फोन म्हणतो ओलावा आहे. तो खरंच सांगत असतो.

यावरून एक चांगली खूण मिळते. सूचना कधी येते आणि कधी येत नाही याची नोंद दोन-तीन दिवस ठेवा. एसीच्या खोलीत, ऑफिसात चार्जिंग बिनबोभाट होतं आणि घरी रात्री किंवा पहाटे सूचना येते, असा प्रकार असेल तर मीठ आहे असं जवळजवळ धरून चाला. एसीत हवेतली आर्द्रता कमी असते, मीठ कोरडं राहतं, गळती थांबते.

एक फोन, नीट बघितलेला

पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा माझ्याकडे आला होता. रोज पहाटे रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर धावायचा, फोन कमरेच्या पाऊचमध्ये. "काका, केबल नवी घेतली, ॲडॉप्टर नवा घेतला, तरी रात्री तेच," असं म्हणाला. मी विचारलं, "दिवसा कामावर लावतोस तेव्हा?" तो एका मेडिकलमध्ये काम करायचा, तिथे एसी. "तिथे होतो की चार्ज. म्हणून तर वाटलं घरच्या लाइटीचा दोष असेल."

आधी मी फोनऐवजी त्याची जुनी केबल बघितली. टॉर्च लावून केबलच्या टोकात पाहिलं तर कडेला पांढुरकी पूड बसली होती आणि आतल्या एका पिनवर काळा ठिपका. मग पोर्ट. टॉर्च सरळ मारली तर आतलं फारसं दिसत नाही, थोडी तिरकी मारायची आणि भिंग वापरायचं. मधल्या पट्टीच्या बुडाशी पांढरा थर होता आणि मागच्या कोपऱ्यात पाऊचच्या कापडाचे धागे अडकले होते. धागे मीठ आणि ओलावा दोन्ही धरून ठेवतात. पिनांचा सोनेरी रंग मात्र शाबूत होता. तो शाबूत असला की पोर्ट वाचतो.

दुपारची वेळ होती, म्हणून मी केबल लावली. सूचना नाही, चार्जिंग सुरू. कुठल्याही दुकानात इथेच फसगत होते. कारागीर म्हणतो "फोन ठीक आहे", माणूस घरी जातो आणि रात्री पुन्हा तेच. म्हणून त्याचा फोन मी केबलशिवाय, झाकण असलेल्या डब्यात ओल्या फडक्याच्या वाटीशेजारी ठेवला. फडकं फोनला लागू द्यायचं नाही, डब्यातली हवा फक्त दमट करायची. तासाभराने बाहेर काढून, बाहेरून पुसून, कोरडी केबल लावली आणि सूचना आली. मीठ सिद्ध झालं.

साफसफाईला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरलं, ज्याला आम्ही कारागीर आयपीए म्हणतो. फोन पूर्ण बंद केला. चिमट्याने आधी धागे सोडवले, पट्टीला धक्का न लावता. मऊ नायलॉनचा बारीक ब्रश आयपीएमध्ये बुडवून झटकून घेतला, म्हणजे तो ओला राहील पण त्यातून थेंब गळणार नाही. फोन पोर्ट खाली करून धरला आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना, पिनांच्या लांबीच्या दिशेने, हलके हात फिरवले. ब्रश स्वच्छ करून पुन्हा तेच. आयपीए मीठ फारसं विरघळवत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. त्याचा उपयोग थर सैल करायला, तेलकटपणा काढायला आणि उरलेलं पाणी सोबत घेऊन उडून जायला. म्हणून जाड थर असेल तर मी आधी ब्रशचं टोक शुद्ध केलेल्या, म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने जरासं ओलावतो, मीठ उचलतो आणि लगेच त्यावर आयपीएचे दोन-तीन हात देतो. त्याच्या फोनला तसंच केलं. मग तासभर फॅनखाली ठेवला आणि पुन्हा त्याच दमट डब्यात. या वेळी सूचना आली नाही.

नवी केबल आयपीएने पुसून दिली, जुनी टाकून द्यायला सांगितली. काळी पडलेली पिन असलेली केबल स्वच्छ पोर्टलाही बिघडवते.

घरी करायचं असेल तर

कंपन्या पोर्टमध्ये काहीही घालू नका असंच सांगतात, आणि हात स्थिर नसेल तर तेच ऐकावं. हे काम ओळखीच्या कारागिराकडे दहा मिनिटांचं आहे. फक्त त्याला "मीठ साफ करायचंय" असं सांगा. "चार्ज होत नाही" असं सांगितलंत तर तो सरळ पोर्ट बदलायला काढेल.

तुम्हाला स्वतःलाच करायचं असेल तर काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. हँड सॅनिटायझर चालत नाही. त्यात पाणी असतं आणि बऱ्याचदा ग्लिसरीन असतं. ग्लिसरीन पोर्टमध्ये राहिलं की तेही हवेतलं पाणी ओढतं आणि सूचना आधीपेक्षा जास्त वेळा येऊ लागते. असे फोन मी कोविडच्या काळात पुष्कळ बघितले. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं स्पिरिटही नको, त्यात जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी. आयपीए पेट घेतं, त्यामुळे गॅस किंवा उदबत्तीजवळ ही सफाई करू नका आणि वास पूर्ण जाईपर्यंत चार्जर लावू नका. पोर्टच्या शेजारच्या बारीक भोकांत माइक आणि स्पीकर असतात, तिथे अल्कोहोल जाऊ देऊ नका. म्हणूनच ब्रश झटकून घ्यायचा आणि फोन उलटा धरायचा.

फोनला आयपी ६७ किंवा ६८ असा दर्जा असेल आणि तो समुद्राच्या पाण्यात, सरबतात किंवा घामाने चिंब झाला असेल, तर गोड्या पाण्याने धुऊन नीट वाळवा असं कंपन्याच सांगतात, आणि मीठ घालवायचा तो सगळ्यात चांगला मार्ग आहे. नळाची धार मंद ठेवायची. पण स्क्रीन, बॅटरी किंवा मागची काच एकदा जरी बाहेर बदलली असेल, किंवा फोन पडून कडेला चीर गेली असेल, तर त्या दर्जावर भरवसा ठेवू नका. तो दर्जा नव्या फोनचा आणि गोड्या पाण्याचा असतो. पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही. सिमच्या खाचेत एक छोटी खूणपट्टी असते, पाणी लागलं की ती लाल होते, आणि सर्व्हिस सेंटरवाले पहिली तीच बघतात.

सगळं स्वच्छ आहे, तरी सूचना आहे

सॅमसंगच्या काही फोनांत पोर्ट कोरडा झाल्यावरही सूचना अडकून राहते. त्यासाठी या मार्गाने जा:

```
Settings > Apps > (चाळणीचं चिन्ह) Show system apps > USBSettings > Storage > Clear cache
```

तिथेच Clear data असेल तर तेही करा आणि फोन रीस्टार्ट करा. तुमचे फोटो किंवा संपर्क यात जात नाहीत. आयफोनवर केबल ॲडॉप्टरमधून आणि ॲडॉप्टर भिंतीतून काढून पुन्हा लावून बघा. हा उपाय पोर्ट खरोखर कोरडा असतानाच करायचा. ओल्या पोर्टची सूचना सेटिंगमधून घालवली तर गळती तशीच राहते आणि पिना खाल्ल्या जातात. काहींना फोन बंद करून चार्जिंगला लावायची सवय लागते, कारण बंद फोनमध्ये सूचना येत नाही. त्यातही धोका तोच.

एवढं करून दोन दिवस कोरड्या जागेत ठेवलेल्या फोनवर, केबल न लावताही, थेंबाचं चिन्ह टिकून असेल तर पोर्ट आतून गेलाय. दुसरी खात्रीची खूण म्हणजे टाइप-सी केबल एका बाजूने लावली तर चार्ज होतं आणि उलटी करून लावली तर होत नाही. केबल कशी लावलीय हे फोन दोन सीसी पिनांपैकी कुठली जोडली गेली त्यावरून ओळखतो. एक बाजू चालत नाही म्हणजे त्यातली एक पिन मेली. दुसऱ्या केबलनेही तसंच झालं तर शंका नको. तिथे ब्रशने काही होत नाही.

अशा वेळी खर्च किती हे फोनच्या बांधणीवर ठरतं. पुष्कळ अँड्रॉइड फोनांत चार्जिंगचा पोर्ट वेगळ्या छोट्या सब-बोर्डवर असतो, ज्याला बाजारात सीसी बोर्ड, म्हणजे चार्जिंग कनेक्टरचा बोर्ड, म्हणतात. तो बोर्डच्या बोर्ड बदलता येतो आणि काम लवकर होतं. पोर्ट मेन बोर्डवर असेल तर तो सोल्डर काढून नवा बसवावा लागतो, आणि ते काम हात बसलेल्या कारागिराकडेच द्यावं. बदलायच्या आधी त्याला विचारा की सब-बोर्डला जोडणारी पट्टी आणि तिचे कनेक्टर हिरवे झालेत का. मीठ तिथपर्यंत गेलं असेल तर नुसता बोर्ड बदलून सूचना जात नाही. फोन उघडल्यावर कडेचा गोंद नवा लावून घ्या. तो लावला तरी आधीइतका जलरोधक राहील असं धरू नका.

धावायला जाताना

पाऊचमध्ये किंवा दंडपट्ट्यात फोन ठेवताना पोर्ट वरच्या बाजूला ठेवा. घाम खाली ओघळतो आणि पोर्ट खाली असला की सरळ त्यात साठतो. छोट्या झिपच्या पिशवीत फोन घालून मग पाऊचमध्ये ठेवलात तर आणखी उत्तम. पोर्टला रबरी बूच लावत असाल तर पोर्ट कोरडा असतानाच लावा आणि घरी आल्यावर काढा, नाहीतर आत गेलेला घाम बुचाखाली अडकून राहतो.

घरी आल्या आल्या चार्जिंगला लावू नका. आधी फोनची खालची कड जरा ओलसर फडक्याने पुसा, म्हणजे मीठ फडक्यात येतं. मग कोरड्याने. अर्धा-पाऊण तास पोर्ट खाली करून फॅनखाली ठेवा आणि मग केबल लावा. महिन्यातून एकदा टॉर्च तिरकी मारून पोर्ट आणि केबलचं टोक दोन्ही बघा. पांढरं दिसलं तर साफ करून घ्या, काळं किंवा हिरवं दिसलं तर ती केबल त्या दिवसापासून कुठल्याच फोनला लावू नका.